भाड्याची लेन्स आणि भिंतीवरचा पेपर

आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, लिफ्टसमोरच्या भिंतीवर महिन्यातून चार-पाच वेळा वर्तमानपत्राचं एक पान चिकटवलेलं दिसतं. शेजारच्या काकूंना आधी वाटलं की सोसायटीची काही नोटीस असावी. त्या चष्मा लावून वाचायला आल्या, तर शेअर बाजाराचं पान. ते पान मी लावतो. भाड्याने दिलेली लेन्स परत आली की तिची परीक्षा त्या पानावर होते.

मी नेरूळला राहतो. २०१७ साली फ्लेमिंगोंच्या नादाने मी निकॉन डी५०० ही कॅमेऱ्याची बॉडी आणि २००-५०० एमएमची झूम लेन्स घेतली. दोन्ही मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास गेले. चार वर्षं दर शनिवारी खाडीवर जायचो. नंतर मुलगी झाली, नोकरी पुण्याच्या फेऱ्यांची झाली आणि कॅमेरा कपाटात गेला. विकायला काढला तर दुकानदाराने बॉडीचे ५०,००० आणि लेन्सचे ४५,००० सांगितले. त्या भावात द्यायचं जिवावर आलं. हिने विचारलं, "ग्रुपवर दर आठवड्याला कोणी ना कोणी मोठी लेन्स मागत असतो ना? मग भाड्याने दे की." तिथून सुरुवात झाली.

भाडं ठरवणं सोपं गेलं. दोन्ही मिळून दिवसाला १,७०० आणि नुसती लेन्स १,०००. खरी कसरत होती डिपॉझिटची. सुरुवातीला वाटलं, वस्तूच्या किमतीएवढं घ्यावं. पण दोन दिवसांसाठी ९५,००० कोण अडकवून ठेवणार? फोनवर आकडा ऐकूनच माणसं "बघतो, सांगतो" म्हणायची. मग डोक्यात प्रकाश पडला की मी दोन वेगळ्या भीती एकाच आकड्यात कोंबतोय. वस्तू घेऊन माणूस पळाला तर, ही एक. वस्तू परत आली पण बिघडून आली तर, ही दुसरी. पळून जाण्यावर डिपॉझिट हा इलाज नाहीच. ज्याला ९५,०००ची वस्तू लंपास करायची आहे तो ३०,०००सुद्धा हसत भरेल. तिथे माणूस कोण, राहतो कुठे, हे बघावं लागतं. डिपॉझिट दुसऱ्या भीतीसाठी असतं. ते साधारण मोठ्यात मोठ्या दुरुस्तीच्या बिलाएवढं हवं. शटर बदलायचं झालं तर फोर्टमधल्या दुरुस्तीवाल्यांनी १६,००० सांगितले होते. म्हणून मी २०,००० ठरवले आणि आजही तेवढेच आहेत.

माणूस ओळखण्याचे माझे नियम फार नाहीत. वस्तू माझ्या घरातूनच न्यायची. मूळ ओळखपत्र दाखवायचं, मी त्याच्यावरचा पत्ता आणि फोटो बघतो. मूळ कागद ठेवून घेत नाही, आधारची प्रत घ्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली. आणि डिपॉझिट त्याच माणसाच्या खात्यातून यूपीआयने आलं पाहिजे. या शेवटच्या अटीने मला एकदा वाचवलं. एक जण आधी घासाघीस न करता हो म्हणाला, पाच मिनिटांत २०,००० पाठवले, आणि "मुलाला पाठवतो, त्याच्याकडे द्या" म्हणाला. पैसे आले तिसऱ्याच नावाने, आधारवरचा पत्ता चौथ्याच गावचा. मी पैसे परत केले. कदाचित बिचारा खराच असेल. पण जो घासाघीस करत नाही त्याच्याबद्दल मला आता आपोआप शंका येते.

पहिल्याच महिन्यात ठेच लागली. एका पोराने बॉडी आणि लेन्स नेली आणि सोमवारी आणून दिली. वरून सगळं चकाचक. मी दारातच डिपॉझिट परत केलं. संध्याकाळी सहज लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ/१६वर, आभाळाचा फोटो काढला तर वरच्या कोपऱ्यात सात-आठ काळपट ठिपके. सेन्सरवर धूळ. खाडीच्या वाऱ्यात त्याने लेन्स काढून दुसरी लावली असणार. मोठ्या छिद्रावर, म्हणजे एफ/५.६ला, हे ठिपके पसरून दिसेनासे होतात. छिद्र बारीक केलं आणि समोर एकसारखा पांढरा पृष्ठभाग असला की ते उठून दिसतात. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, ते आधीपासूनच असतील." आणि खरं सांगायचं तर नव्हते हे मी कशावरून सांगणार होतो? माझ्याकडे आधीचा फोटोच नव्हता. सफाईचे १,५०० माझ्याच खिशातून गेले.

त्या दिवसापासून वस्तू देताना आणि परत घेताना तेच फोटो, त्याच पद्धतीने, समोरच्या माणसाच्या देखत काढायचे असं ठरवलं. किराणाच्या हिशोबाची एक जुनी वही त्यासाठी घेतली. तारीख, माणूस, शटरचा आकडा, लेन्सचा शेरा. फोटो पाठवताना मात्र एक गोष्ट शिकलो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि आतली माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. पुराव्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

शटरचा आकडा म्हणजे कॅमेऱ्याचं किलोमीटर मीटर. डी५००चं शटर दोन लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे असं कंपनी सांगते. दोन लाख म्हणजे खूप वाटतात. पण हा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो. बोट सलग दाबून ठेवलं तर दोन लाख क्लिक २०,००० सेकंदांत संपतात, म्हणजे साडेपाच तासांत. आणि फ्लेमिंगोंचा थवा उठला की कोण बोट उचलतो? दोन लाखांनंतर शटर बंद पडेलच असंही नाही, आधी पडणार नाही असंही नाही. पण हिशोबाला तो आकडा धरावा लागतो. १६,००० भागिले दोन लाख, म्हणजे एका क्लिकला आठ पैसे झीज. म्हणून माझ्या भाड्यात दिवसाला २,००० क्लिक धरलेले आहेत, त्यावर प्रत्येकी दहा पैसे.

हा आकडा कॅमेऱ्याच्या मेनूत सापडत नाही, पण निकॉनच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. देताना एक फोटो, घेताना एक फोटो, आणि लॅपटॉपवर exiftool या प्रोग्रामची ही ओळ:

```
exiftool -ShutterCount -SerialNumber DSC_4127.NEF
```

कार्ड फॉरमॅट केलं, फाइलचे नंबर पुन्हा एकपासून सुरू केले, तरी हा आकडा बदलत नाही, कारण मोजणी बॉडीत होते. शिवाय सीरियल नंबरही त्याच ओळीत दिसतो, त्यामुळे परत आलेली बॉडी माझीच आहे हेही कळतं. लेन्सचा नंबर मात्र फाइलमध्ये येत नाही, तो लेन्सवर छापलेला असतो. त्याचा वेगळा फोटो काढून ठेवायचा.

एका ताईंनी शनिवार-रविवारात ९,४०० क्लिक केले. ४,००० भाड्यात धरलेले, उरलेल्या ५,४००चे ५४० रुपये. त्या जरा चिडल्या. "फोटो काढायलाच घेतला होता ना कॅमेरा?" म्हणाल्या. मी दोन्ही फाइल शेजारी शेजारी उघडून दाखवल्या आणि आठ पैशांचा हिशोब कागदावर मांडला. नंतर त्याच मला म्हणाल्या, की त्यातले नऊ हजार त्यांनी घरी जाऊन पुसूनच टाकले.

आता लेन्स. तिचं वजन ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट २,३०० ग्रॅम आहे. बॉडीचा पट्टा गळ्यात घालून लेन्स लोंबकळत ठेवली तर सगळा भार जोडाच्या धातूच्या कड्यावर येतो. म्हणून देताना पहिली गोष्ट मी ही दाखवतो, की ट्रायपॉड कॉलरला धरायचं, तिथेच पट्टा अडकवायचा, आणि चालताना २००वर कुलूप लावायचं, नाहीतर नळी आपोआप खाली घसरत बाहेर येते. झूम करताना ती नळी बाहेर येते तेव्हा हवा आत खेचते, आणि खाडीची हवा म्हणजे मीठ आणि ओल. परत आलेली लेन्स कोरड्या फडक्याने कधीच पुसायची नाही. चिकटलेली रेती काचेवर ओरखडा काढते. आधी फुंकर पंप, मग मऊ ब्रश, मग बाहेरच्या अंगाला किंचित ओलं फडकं.

पण या सगळ्यापेक्षा फसवा दोष वेगळाच. लेन्स पडली, धक्का बसला, बाहेरून ओरखडासुद्धा नाही, आणि आतला एखादा काचेचा गट केसभर तिरका झाला. मग फोटोची एक बाजू तीक्ष्ण आणि दुसरी बाजू पुसट येते. पक्षी नेहमी फोटोच्या मध्यावर असतो, त्यामुळे आठ-दहा वेळा वापरूनही हे कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं तेव्हा मधे तीन भाडेकरू होऊन गेलेले असतात आणि कोणाच्या हातून झालं हे देवच जाणे.

त्यासाठी ते वर्तमानपत्राचं पान. पॅसेजमध्ये आठ मीटरवर ट्रायपॉड. ५०० एमएमवर एवढ्या अंतरावरून पानाचा साधारण ३७ सेंटिमीटर रुंद तुकडा फ्रेममध्ये मावतो. कॅमेरा पानाला समांतर, छिद्र एफ/५.६, लेन्समधली कंप रोखणारी यंत्रणा बंद, फोकस स्क्रीनवर मोठं करून मध्यावर, आणि बोट न लावता दोन सेकंदांच्या टायमरवर क्लिक. मग लॅपटॉपवर चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचायची. शेअरच्या भावांचं पान त्यासाठी उत्तम, सगळीकडे सारखीच बारीक छपाई.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत खारघरचे एक गृहस्थ दोन दिवसांसाठी सगळा सेट घेऊन गेले. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट जाते, तिचं त्यांनी बुकिंग केलं होतं. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, म्हणून ते पहाटे साडेपाचला माझ्या दारात. डोळे चोळत का होईना, मी पानाचा फोटो काढला, आणि बरं झालं.

सोमवारी लेन्स परत आली. काच स्वच्छ, पुढची कडा शाबूत. फक्त हूडच्या एका बाजूला पांढरट घासल्याची खूण होती. मी विचारलं, "पडली वगैरे नाही ना?" "छे हो, जपून वापरली." पान लावलं, फोटो काढला. उजवीकडचे दोन्ही कोपरे लोण्यासारखे मऊ. डावीकडचे आकडे टोकदार.

इथे घाई करून चालत नाही. कॅमेरा पानाला जरा तिरका असला तरी असंच दिसतं. हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे आणि कॉलर असलेल्या लेन्सवर ती आणखी सोपी होते. ट्रायपॉड न हलवता कॉलर सैल करायची आणि कॅमेरा लेन्ससकट उलटा फिरवायचा, डोकं खाली. पुन्हा फोटो. दोष मांडणीत असेल, तर पानाचा तोच भाग पुसट राहतो. दोष लेन्समध्ये असेल, तर पुसटपणा लेन्सबरोबर फिरतो आणि पानाच्या दुसऱ्या टोकाला जातो. आमचा पुसटपणा फिरून डाव्या टोकाला गेला.

मी त्यांना काही न बोलता शनिवारची पहाटेची फाइल उघडून दिली आणि शेजारी ही. ते बराच वेळ दोन्ही मोठ्या करून बघत राहिले. मग म्हणाले, "जेट्टीवर ट्रायपॉड कलंडला होता. पण मित्राने हूडपाशी झेललाच होता. मला वाटलं, काही झालं नाही." मला ते खरं वाटलं. अशा धक्क्याने आत काय होतं हे बाहेरून कळतच नाही, म्हणून तर सगळा खटाटोप.

त्यांचा पुढचा मुद्दा रास्त होता. लेन्स जुनी आहे, झूमची रिंग आधीच जड होती, मग सगळा भुर्दंड मी का भरू? रिंग जड आहे हे मी पावतीवर लिहिलं होतं आणि त्यांनी सही केली होती. आमच्या इमारतीतल्या वकील काकूंनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं, की आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात भाड्याने देणं हा भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे निक्षेपाचा व्यवहार आहे. घेणाऱ्याने सामान्य समजदार माणूस आपली वस्तू सांभाळतो तेवढी काळजी घ्यायची, हे कलम १५१. पण भाड्याने देणाऱ्यावर जास्त भार आहे. वस्तूतल्या दोषामुळे घेणाऱ्याचं नुकसान झालं, तर दोष मला माहीत नव्हता ही सबब भाड्याच्या व्यवहारात चालत नाही, हे कलम १५०. म्हणून मी रिंगसारखी बारीक गोष्टही लिहितो. आणि माझ्या पहिल्या पावतीवर "नुकसान झाल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त" असं जे वाक्य होतं ते काकूंनी लाल पेनाने खोडलं होतं. कलम ७४प्रमाणे करारात रक्कम लिहिली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. तेव्हापासून पावतीवर "दुरुस्तीच्या बिलाएवढी रक्कम" असं आहे.

आम्ही असं ठरवलं की लेन्स फोर्टला द्यायची, बिल त्यांना दाखवायचं, रिंगचं काम केलं तर ते माझ्या खर्चाने. १०,००० मी थांबवून ठेवले आणि उरलेले १०,००० त्याच दिवशी परत केले. तीन आठवडे गेले. काच सरळ करायचे ७,२००, रिंगची सफाई ९००. ७,२०० कापून २,८०० त्यांना पाठवले आणि दोन्ही बिलांचे फोटोही. लेन्स आली तेव्हा पुन्हा पान, पुन्हा उलटा कॅमेरा. चारही कोपरे वाचता आले.

त्या तीन आठवड्यांत चार भाडी बुडाली, साधारण ५,०००. ती मी त्यांच्याकडून मागितली नाही. पावतीवर तसं लिहिलेलंच नव्हतं. आता लिहिलंय: दुरुस्तीच्या काळासाठी जास्तीत जास्त दोन दिवसांचं भाडं. याहून जास्त लिहिलं तर माणूस सही करताना दचकतो, असा माझा अनुभव.

आणखी एक बदल केला. डिपॉझिट दारात परत देत नाही. तपासणीला पाऊण तास लागतो आणि समोर माणूस घड्याळ बघत उभा असला की माझ्या चुका होतात. थांबायचं असेल तर चहा देतो, नाहीतर त्याच दिवशी रात्री नऊपर्यंत पैसे किंवा फाइल, दोन्हीपैकी एक नक्की. लोकांना उशिराचा राग येत नाही, गप्प बसण्याचा येतो.

पावसाळ्यात धंदा बंद. मे संपता संपता फ्लेमिंगो जातात आणि मागणी आपोआप आटते. तेव्हा खरा शत्रू बुरशी. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि वीतभर आर्द्रतामापक ठेवलाय. काटा ५० टक्क्यांच्या वर गेला की पुड्या बदलायच्या. दर पंधरवड्याला लेन्समधून टॉर्चचा झोत टाकून बघतो, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते.

गेल्या हंगामात, नोव्हेंबर ते मे, वहीत ३१ दिवस भाड्याचे आहेत आणि जमा ४१,३००. शटर ४८,२१२वरून ९३,६४०वर गेलं, म्हणजे ४५,४२८ क्लिक, आठ पैशांनी ३,६३४ रुपयांची झीज. दोनदा सेन्सर सफाईचे ३,००० आणि रिंगचे ९००. हे बरं दिसतं. पण दुकानदाराकडे परत चौकशी केली तर बॉडीचा भाव ५०,०००वरून ४१,०००वर आलेला, कारण त्याने पहिला प्रश्न शटरच्या आकड्याचाच विचारला. म्हणजे माझे आठ पैसे कमीच पडत होते. ९,००० भागिले ४५,४२८ केले तर नुसत्या भावाचीच घसरण क्लिकला वीस पैशांच्या घरात जाते. त्यातली थोडी वयाची आहे हे मान्य, तरीही. लेन्सचा भाव मात्र जवळपास तसाच आहे. तिच्यात मोजायला शटरच नाही.

त्यामुळे या नोव्हेंबरपासून बॉडी भाड्याने देणार नाही. शटर १ लाख क्लिकवर जायच्या आत ती विकून टाकेन. लेन्स एकटीच जाईल, १,००० रुपयांत, आणि पान वाचण्यासाठी मेव्हण्याची जुनी बॉडी मागून ठेवली आहे. तो फुकट देतोय, डिपॉझिट मात्र गमतीने मागतोय.